सोने तारण कर्ज : बँकेचा दर, सावकाराचा शेकडा आणि आपला हिशेब



गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट आहे. मंडळाच्या कार्यालयात एक सभासद भगिनी दोन कागद घेऊन आल्या. त्यांच्या मुलीला परगावच्या परिचर्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाची अनामत, खानावळीची आगाऊ रक्कम, गणवेश आणि पुस्तके मिळून साठ हजार रुपये आठ दिवसांत उभे करायचे होते. घरात दोन पाटल्या आणि एक गोफ होता. ते गहाण ठेवण्याचे घरात ठरले होते. प्रश्न एवढाच उरला होता की दागिने बँकेत ठेवायचे की बाजारपेठेतील परवानाधारक सावकाराकडे.

एका कागदावर बँकेच्या अटी होत्या आणि दुसऱ्यावर सावकाराच्या पेढीवरून लिहून आणलेल्या अटी होत्या. ताईंचे मत जवळजवळ ठरलेलेच होते. त्या आमच्या कोषाध्यक्षांना म्हणाल्या, "दादा, बँक बारा टक्के सांगते आणि पेढीवाला सव्वा टक्का. शिवाय त्याची फी काही नाही. मग बँकेच्या रांगेत कशाला उभे राहायचे?"

कोषाध्यक्षांनी उलट प्रश्न केला, "ताई, सव्वा टक्का वर्षाचा की महिन्याचा?"

ताई गप्प राहिल्या. त्या दिवशी आम्ही तिघे-चौघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि दोन्ही कागदांचा हिशेब शेवटपर्यंत करून पाहिला. त्यातून जे हाती आले ते आमच्याही अपेक्षेपेक्षा वेगळे होते. सर्व सभासदांना आणि विशेषतः घरचा हिशेब समजून घेऊ लागलेल्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो हिशेब येथे जसाच्या तसा मांडत आहोत.

दोन कागदांवर काय लिहिले होते

बँकेचा कागद असा होता. कर्ज साठ हजार. व्याज द.सा.द.शे. १२, रोजच्या शिल्लक रकमेवर मोजणार आणि दर महिन्याला खात्यावर नावे टाकणार. मुदत बारा महिने. प्रक्रिया शुल्क ३०० रुपये, सोन्याच्या मूल्यमापनाचे ३०० रुपये आणि या दोहोंवर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे १०८ रुपये. शुल्काची बेरीज ७०८ रुपये. मध्ये केव्हाही कितीही रक्कम भरता येईल, त्यासाठी दंड नाही.

सावकाराच्या अटी तोंडी होत्या, त्या ताईंनी लिहून घेतल्या होत्या. कर्ज साठ हजार. व्याज शेकडा सव्वा रुपया. पहिल्या महिन्याचे व्याज आधी कापून घेणार. महिना सुरू झाला की पूर्ण महिन्याचे व्याज. फी नाही. मुद्दल एकदम आणायचे, तुकड्यातुकड्याने घेणार नाही.

पेढीवर 'शेकडा' म्हणतात तेव्हा तो नेहमी दरमहाचा असतो, आणि बँकेत 'टक्के' म्हणतात तेव्हा तो वर्षाचा असतो. शंभर रुपयांना महिन्याला सव्वा रुपया म्हणजे वर्षाला पंधरा रुपये. तेव्हा १२ आणि १.२५ असा सामना मुळी नव्हताच, तो १२ आणि १५ असा होता. एकदा दोन्ही दर एका मापात आणले की पहिला गैरसमज दूर होतो. पण खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

येथे कायद्याचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारी (नियमन) अधिनियम आला आणि त्याखाली शासनाने परवानाधारक सावकाराच्या व्याजाला कमाल मर्यादा घातली. शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के. इतरांना तारणी कर्जावर १५ आणि बिनतारणी कर्जावर १८ टक्के. सोने गहाण ठेवले म्हणजे कर्ज तारणी झाले. तेव्हा बिगरशेतकरी माणसाकडून शेकडा सव्वा रुपया हा सावकाराला घेता येणारा सर्वात वरचा दर आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत तो महिन्याला शेकडा पाऊण रुपया आहे. जो सोन्यावर दोन किंवा तीन रुपये शेकडा मागतो, तो एकतर परवाना नसलेला आहे किंवा परवाना असून कायदा मोडणारा आहे. चक्रवाढ व्याज लावण्याची आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्याचीही सावकाराला या कायद्याने मनाई आहे.

परत कधी करणार, हे आधी ठरवा

कर्जाची तुलना करताना आपण बहुधा दर पाहून थांबतो. पण सोने सोडवून घरी आणेपर्यंत आपल्या खिशातून एकूण किती रुपये जाणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर काढायचे तर पैसे केव्हा आणि कसे परत येणार हे आधी कागदावर मांडावे लागते. बँकेला किंवा सावकाराला ते ठाऊक नसते, ते फक्त आपल्यालाच ठाऊक असते.

ताईंच्या घरची स्थिती अशी होती. कर्ज १५ जूनला घ्यायचे. ऑक्टोबरच्या मध्यावर यजमानांचा कारखान्याचा बोनस येणार, त्यातून १५ ऑक्टोबरला पंचवीस हजार भरता येतील. उरलेले पस्तीस हजार २० फेब्रुवारीला, कारण त्या महिन्यात भिशी लागणार होती. मधल्या काळात महिन्याचे व्याज घरखर्चातून बाजूला काढता येईल, असे त्या म्हणाल्या.

म्हणजे १५ जून ते १५ ऑक्टोबर हे १२२ दिवस साठ हजार रुपये वापरायचे आणि १५ ऑक्टोबर ते २० फेब्रुवारी हे १२८ दिवस फक्त पस्तीस हजार वापरायचे. एकूण २५० दिवस. हे वेळापत्रक आम्ही दोन्ही कागदांना सारखेच लावले.

बँकेचा हिशेब

साठ हजारांवर १२ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ७,२०० रुपये. १२२ दिवसांचे व्याज काढायचे तर ७,२०० ला १२२ ने गुणून ३६५ ने भागायचे. उत्तर येते २,४०७ रुपये.

पंचवीस हजार भरल्यावर मुद्दल पस्तीस हजार राहिले. त्याचे वर्षाचे व्याज ४,२०० रुपये. १२८ दिवसांचे १,४७३ रुपये.

व्याजाची बेरीज ३,८८० रुपये. काही पैसे पूर्णांकात आल्यामुळे एखाद्या रुपयाचा फरक पडेल. त्यात शुल्काचे ७०८ मिळवले की एकूण भार ४,५८८ रुपये होतो.

यात एक अट गृहीत आहे. महिन्याचे व्याज खात्यावर नावे पडले की ते त्या महिन्यातच भरले पाहिजे. न भरल्यास ते व्याज शिलकेत मिसळते आणि पुढच्या महिन्यात व्याजावरही व्याज लागते. ताईंनी मधे एकही पैसा न भरता थेट ऑक्टोबरात पंचवीस हजार भरले असते, तर त्यातून आधी साचलेले सुमारे चोवीसशे रुपये व्याज वळते झाले असते आणि मुद्दल फक्त साडेबावीस हजारांच्या आसपास कमी झाले असते. अशा वेळी एकूण भार सुमारे दीडशे रुपयांनी वाढतो. ही रक्कम मोठी नाही, पण "पंचवीस हजार भरले तरी शिल्लक पस्तीस हजार का दिसत नाही?" या अनेकांच्या तक्रारीचे उत्तर यात आहे. बँक भरलेल्या पैशातून आधी शुल्क, मग व्याज आणि शेवटी मुद्दल असा क्रम लावते.

सावकाराचा हिशेब

साठ हजारांवर शेकडा सव्वा म्हणजे महिन्याला ७५० रुपये. १५ जून ते १५ फेब्रुवारी आठ महिने होतात. त्यावर पाच दिवस झाले, म्हणून नववा महिनाही पूर्ण धरला जाणार. मुद्दल तुकड्याने घेणार नाही, म्हणून ऑक्टोबरातील पंचवीस हजार घरीच राहणार आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर चालणार. नऊ महिन्यांचे ६,७५० रुपये. फी शून्य.

४,५८८ आणि ६,७५० यांतला फरक २,१६२ रुपये. फी नसलेले कर्ज फी असलेल्या कर्जापेक्षा एवढे महाग पडले.

शिवाय पहिल्या महिन्याचे ७५० रुपये आधीच कापल्यामुळे ताईंच्या हाती ५९,२५० रुपयेच येणार होते. गरज साठ हजारांची, आणि वसतिगृहाची अनामत साडेसातशेने कमी भरता येत नाही. कायद्यात मुद्दल म्हणजे कर्जदाराला प्रत्यक्ष दिलेली रक्कम. ५९,२५० वर वर्षाला ९,००० रुपये व्याज घेतले तर दर पंधराच्या वर जातो. म्हणजे 'सव्वा टक्का' हा दर बरोबर मर्यादेवर दिसत असला, तरी आगाऊ कपातीमुळे तो मर्यादा ओलांडतो.

दोन हजारांचा फरक आला कोठून?

हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला. बारा आणि पंधरा यांतल्या तीन टक्क्यांनी तो पडला असावा, असे प्रथम वाटले. म्हणून सावकाराच्या अटी एकेक करून बदलून पाहिल्या.

समजा, सावकाराने दर पंधराच ठेवला, पण दिवसावर व्याज मोजले आणि ऑक्टोबरातील पंचवीस हजार मुद्दलात जमा करून घेतले. मग त्याचे व्याज ४,८४९ रुपये होते. बँकेचा भार शुल्कासह ४,५८८. म्हणजे दर आणि फी या दोन्ही गोष्टी मिळून फरक फक्त २६१ रुपयांचा.

आता दिवसाऐवजी पूर्ण महिना धरा, पण पंचवीस हजार मुद्दलात घ्या. पहिले चार महिने ७५० प्रमाणे ३,००० रुपये. नंतर पस्तीस हजारांवर महिन्याला साडेचारशेच्या आत, म्हणजे ४३७ रुपये ५० पैसे, आणि महिने पाच. ते होतात २,१८७ रुपये ५० पैसे. बेरीज सुमारे ५,१८८. म्हणजे महिना पूर्ण धरण्याची किंमत सुमारे ३३९ रुपये.

आणि पंचवीस हजार मुद्दलात न घेण्याची किंमत? ६,७५० वजा ५,१८८, म्हणजे १,५६२ रुपये.

ज्या दराची तुलना करण्यात आपण सगळा वेळ घालवतो आणि ज्या फीला आपण घाबरतो, त्या दोहोंचा परिणाम अडीचशे रुपयांचा होता. ज्या अटीबद्दल ताईंनी विचारलेही नव्हते, ती 'मुद्दल एकदम आणा' ही अट पंधराशे रुपयांची होती. आमच्या मते या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. ज्याचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, म्हणजे पगारदार, बोनसवाला, भिशीवाला, शिष्यवृत्तीची वाट पाहणारा, त्याने दर विचारण्याआधी मधल्या भरण्याचा नियम विचारावा.

मात्र बँकच नेहमी स्वस्त, असेही नाही

हिशेब प्रामाणिक असावा म्हणून उलट बाजूही पाहू. एखाद्याला वीस हजार रुपये फक्त पंचवीस दिवसांसाठी हवे आहेत, कारण पगाराची थकबाकी पुढच्या महिन्यात मिळणार आहे. बँकेचे व्याज १६४ रुपये होईल, पण शुल्क तेच ७०८. एकूण ८७२ रुपये. सावकाराकडे एका महिन्याचे २५० रुपये. येथे सावकार सहाशे रुपयांनी स्वस्त पडतो.

कारण उघड आहे. शुल्क एकदाच लागते, कर्ज पंचवीस दिवस ठेवा की वर्षभर ठेवा. व्याज मात्र दिवसांबरोबर वाढते. रक्कम लहान आणि मुदत थोडी असेल तर शुल्क भारी पडते. रक्कम मोठी आणि मुदत लांब असेल तर व्याजाची पद्धत भारी पडते. काही बँका लहान रकमेच्या सोने कर्जावर प्रक्रिया शुल्क घेत नाहीत, काही ठिकाणी कर्ज लवकर फेडल्यास किमान व्याज घेतात. म्हणून 'फी किती?' एवढे विचारून भागत नाही. 'मी एका महिन्यात फेडले तर एकूण किती घ्याल?' असे विचारावे.

बँकेकडून मुख्य तथ्य विवरणपत्र नावाचा एक कागद मागून घ्यावा. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना तो द्यावाच लागतो. त्यात व्याज आणि सर्व शुल्क मिळून होणारा वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. आपल्या उदाहरणात साठ हजार पूर्ण वर्षभर ठेवले तर १२ चा हा दर १३ च्या थोडा वर जातो. या कागदात न लिहिलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला नंतर आकारता येत नाही.

भरलेला पैसा मुद्दलात गेला की नाही, हे कसे ओळखावे

आमच्या दुसऱ्या एका सभासदाचा अनुभव येथे सांगणे जरूर आहे. त्यांनी एका पेढीवर अंगठी आणि साखळी ठेवून चाळीस हजार घेतले होते. मधे त्यांनी दहा हजार नेऊन दिले. पेढीवाल्याने नाही म्हटले नाही. चिठ्ठीच्या मागे '१०,००० जमा' असे लिहून दिले. सोने सोडवायला गेले तेव्हा व्याज पूर्ण चाळीस हजारांवर लावलेले होते. विचारले तर उत्तर मिळाले, "तुमचे दहा हजार आमच्याकडे सुरक्षित होते ना? शेवटच्या रकमेतून वजा केले आहेत." वजा केले होते हे खरे, पण मधल्या सहा महिन्यांचे त्या दहा हजारांवरचे व्याजही घेतले होते. शेकडा सव्वाने ते ७५० रुपये होतात. 'जमा' या एका शब्दाची ही किंमत.

म्हणून पावतीवर 'मुद्दलापोटी जमा' असे शब्द, तारीख आणि 'बाकी मुद्दल' किती राहिले तो आकडा, या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात. कर्जदाराने दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे परवानाधारक सावकारावर कायद्याने बंधनकारक आहे. ती मागण्यात संकोच मानू नये. पुढच्या महिन्याचे व्याज कमी झालेल्या मुद्दलावर मागितले जाते का, ही खरी कसोटी. ताईंच्या बाबतीत ७५० ऐवजी ४३७ रुपये ५० पैसे मागितले असते, तरच पंचवीस हजार मुद्दलात गेले असे म्हणता आले असते.

बँकेतही हीच कसोटी लावावी. पैसे भरल्यावर आठ दिवसांनी खात्याचा उतारा घ्यावा. पैसे कर्जखात्यात पडले आहेत का, हे पाहावे. काही वेळा ते बचत खात्यातच राहतात आणि कर्जावरचे व्याज पूर्वीसारखेच चालू राहते. नंतर पुढच्या महिन्याचे व्याज पाहावे. साठ हजारांवर ते सहाशेच्या आसपास असते, पस्तीस हजारांवर साडेतीनशेच्या आसपास यायला हवे. तसे आले नाही तर त्याच आठवड्यात शाखेत विचारावे. वर्षाअखेरीस दुरुस्ती मागणे फार अवघड जाते.

सावकाराकडेच जावे लागले तर

बँक लांब असेल, कागदपत्रे पुरी नसतील किंवा पैसे त्याच दिवशी हवे असतील, तर सावकाराकडे जाण्यावाचून इलाज नसतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण तीन गोष्टी पाळल्या तर भार बराच कमी होतो.

पहिली गोष्ट म्हणजे दागिने एकाच चिठ्ठीवर ठेवू नयेत. ताईंनी गोफावर पंचवीस हजारांची एक चिठ्ठी आणि पाटल्यांवर पस्तीस हजारांची दुसरी चिठ्ठी केली असती, तर ऑक्टोबरात गोफाची चिठ्ठी पूर्ण फेडून गोफ घरी आणता आला असता. पंचवीस हजारांचे चार महिन्यांचे व्याज १,२५० आणि पस्तीस हजारांचे नऊ महिन्यांचे ३,९३७ रुपये ५० पैसे. बेरीज सुमारे ५,१८८. एका चिठ्ठीवर ६,७५० गेले असते. सावकाराचा एकही नियम न मोडता १,५६२ रुपये वाचतात, आणि वर एक दागिना चार महिने आधी सुटतो. बँकेत मात्र दोन कर्जे केली की शुल्कही दोनदा लागू शकते. तेथे मधला भरणा मुद्दलात जात असेल तर दोन खात्यांची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चिठ्ठीची तारीख लक्षात ठेवून महिना पुरा होण्याच्या आदल्या दिवशी पेढीवर जावे. २० फेब्रुवारीऐवजी १४ फेब्रुवारीला पैसे उभे करता आले असते तर नववा महिना लागलाच नसता. सहा दिवसांसाठी कोणाकडून उसनवार मिळाली तरी ती फायद्याची.

तिसरी गोष्ट म्हणजे परवाना पाहावा. तो पेढीवर दर्शनी लावलेला असतो. नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात चौकशी करता येते. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि जादा व्याजाची किंवा पावती न दिल्याची तक्रारही याच कार्यालयात करता येते. चिठ्ठीवर दागिन्याचे वर्णन, एकूण वजन, खडे-मणी वजा करून निव्वळ सोन्याचे वजन आणि कस लिहून घ्यावा. नुसते 'पाटल्या २ नग' एवढेच लिहिले असेल तर वाद झाल्यावर आपल्या हाती काही राहत नाही.

दागिना परत मिळेपर्यंत

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारण कर्जाचे नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणण्यास १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत दिली. त्यांतील दोन-तीन गोष्टी कर्जदाराने जाणून घ्याव्यात. सोन्याची पारख कर्जदाराच्या समक्ष करायची आहे. पूर्ण फेड झाल्यावर दागिना त्याच दिवशी किंवा फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची आहे. लिलावाची वेळ आलीच तर आधी सूचना द्यायची आहे आणि देणे वळते करून उरलेली रक्कम कर्जदाराला परत करायची आहे.

सावकाराला हे निर्देश लागू नाहीत. तेथे १८७२ च्या करार कायद्यातील गहाणाचे नियम आधाराला येतात. त्यानुसार वाजवी सूचना दिल्याशिवाय गहाणाची वस्तू विकता येत नाही, विक्रीतून आलेली जादा रक्कम गहाण ठेवणाऱ्याची असते, आणि मुदत टळली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत देणे आणि झालेला खर्च भरून वस्तू सोडवता येते. "मुदत टळली, आता सोने आमचे" असे कोणी म्हटले तर ते खरे नाही, हे प्रत्येक सभासदाच्या घरी माहीत असावे.

आपला हिशेब आपण करावा

ताईंनी शेवटी बँकेत कर्ज घेतले. ऑक्टोबरात बोनस ठरल्यापेक्षा थोडा कमी आला, त्यामुळे त्यांनी पंचवीसऐवजी बावीस हजार भरले. उरलेले फेब्रुवारीत फिटले आणि पाटल्या व गोफ एकाच दिवशी घरी आले. मधल्या काळात दर महिन्याला व्याजाची नोंद पाहण्याचे काम त्यांच्या मुलीने वसतिगृहातून केले. ऑक्टोबरनंतर आकडा उतरला की नाही, हे तिनेच आईला कळवले.

विद्यार्थी मित्रांना आमची एवढीच विनंती आहे की घरात सोने ठेवण्याची वेळ आली तर वडीलधाऱ्यांबरोबर तुम्हीही बसा. एका कागदावर तारखा लिहा : पैसे कधी घेणार, मधे कधी किती भरणार, शेवटी कधी फेडणार. त्या तारखांना प्रत्येक ठिकाणचा नियम लावा. हाती प्रत्यक्ष किती येणार, व्याज दिवसावर की महिन्यावर, शुल्क सगळे मिळून किती, आणि मधला भरणा त्या दिवसापासून मुद्दलात धरणार की नाही, हे चार प्रश्न दोन्हीकडे सारख्याच शब्दांत विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. मग गुणाकार-भागाकार पाचवी-सहावीचा आहे. ज्याला अडचण येईल त्याने कागद घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे, आम्ही बसून हिशेब करून देऊ. मात्र सोने पेढीवर ठेवण्याच्या आधी यावे, नंतर नव्हे.